जांगड वही : अडत्याकडील माल आणि एका पानाचा हिशेब

आपल्या धान्यव्यापारात मालाच्या दोन अवस्था सर्वांस परिचित आहेत. माल आपल्या गोदामात असतो, किंवा तो विकला जाऊन त्याचे रुपये येणे असतात. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते, आणि तिच्याकडे आपले लक्ष फार कमी जाते. उस्मानगंजातील किंवा बेगम बाजारातील पेढी निजामाबाद, करीमनगर, वरंगळ अशा ठिकाणच्या अडत्याकडे डाळीची पोती विक्रीसाठी ठेवते. ती पोती आपल्या गोदामात नसतात, आणि विकलीही गेलेली नसतात. माल आपला, जागा दुसऱ्याची आणि विकण्याचा हात तिसऱ्याच ठिकाणी, अशी ही स्थिती होय.

आपल्या जुन्या पेढ्यांत यास ‘जांगड’ हा नेमका शब्द होता आणि त्यासाठी वेगळी वही असे. मुंबईच्या हिरेबाजारात जांगड चिठ्ठी आजही चालते. माल मागताच परत द्यावयाचा आणि तो घेणाऱ्याच्या मालकीचा झालेला नाही, हे त्या चिठ्ठीने ठरते. जांगडीचा मूळ अर्थ पसंतीवर नेलेला माल असा आहे आणि अडत्याकडे ठेवलेला माल त्याहून थोडा निराळा आहे; कारण अडत्या तो स्वतःसाठी पसंत करीत नाही, तर आपल्या वतीने इतरांस विकतो. तथापि वहीच्या दृष्टीने दोहोंचे मर्म एकच आहे. माल गेला म्हणून मालकी गेली नाही. या लेखात आम्ही याच वहीविषयी, विशेषतः ती एका पानावर कशी ठेवावी याविषयी लिहीत आहोत.

चार कागद आणि एक प्रश्न

बहुतेक पेढ्यांत या मालाचे कागद चार ठिकाणी असतात. पाठवणीची चलने एका बुकात, अडत्याकडून आलेल्या विक्रीपट्ट्या एका फाइलीत, परत आलेल्या मालाची नोंद गोदामवाल्याच्या वहीत, आणि रुपयांचा जमा-खर्च खतावणीत. चारही कागद आपापल्या जागी बरोबर असू शकतात. तरीही “आज या अडत्याकडे आपली किती पोती उभी आहेत?” या एका प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकही कागद देत नाही. ते काढण्यास चारही उघडावे लागतात, आणि म्हणूनच ते वर्षातून एकदा, ताळेबंदाच्या वेळी, काढले जाते. तोपर्यंत कमी पडलेली पोती कोणत्या महिन्यात कमी पडली हे सांगणे अशक्य झालेले असते.

याची किंमत काय पडते हे आमच्या परिचयाच्या एका पेढीत आम्ही पाहिले आहे. मालक अकस्मात वारले. त्यांचा माल तीन गावी तीन अडत्यांकडे होता. दोघांच्या पानांवर शेवटच्या शिल्लकेखाली अडत्यांच्या सह्या होत्या. त्यांनी आठवड्याभरात माल व रुपये पोचते केले. तिसऱ्याचा सारा व्यवहार विश्वासावर आणि फोनवर चालत असे. मुलांनी विचारणा केली तेव्हा “माल कधीच विकला, पैसेही शेठजींना दिले” असे उत्तर मिळाले. ते खरे होते की खोटे, हे ठरविण्यास कोणताच कागद नव्हता. वास्तविक १८७२ च्या करार कायद्यानुसार मालकाच्या मृत्यूने अडत्याचा अधिकार संपतो आणि हाती असलेल्या मालाचे वारसांसाठी रक्षण करणे त्याचे कर्तव्य ठरते. परंतु कायद्यास आधी हे सांगावे लागते की त्याच्या हाती किती माल होता.

पानाची रचना

आमच्या मते एका अडत्याचे आणि एका जिनसेचे एक पान असावे. तूरडाळ आणि हरभराडाळ एका पानावर घेऊ नये. पोत्यांची शिल्लक तेथेच निरर्थक होते. पानाच्या माथ्यावर पाच गोष्टी लिहाव्यात : अडत्याचे नाव, मालाची जात व पोत्यावरील मार्का, पोत्याचे ठरलेले वजन, अडतीचा दर, आणि ज्या दराखाली न विचारता विकू नये तो किमान दर. उधारीवर विकलेल्या मालाची वसुली बुडाल्यास ती कोणाच्या माथी, हेही तेथेच स्पष्ट करावे. अडत्याने वसुलीची हमी घेतली असेल तर त्यास थोडी अधिक अडत देण्याची रीत आहे. हमी नसेल तर बुडीत आपले असते, आणि मग ग्राहकवार उधारीची यादी पट्टीसोबत मागावी लागते.

त्याखाली दोन शिल्लकी समांतर चालतात, एक पोत्यांची आणि एक रुपयांची. या वहीचा सारा आधार पुढील नियमावर आहे. माल पाठविला की पोत्यांची शिल्लक वाढते, रुपयांची शिल्लक हलत नाही. माल परत आला की पोत्यांची शिल्लक घटते, रुपयांची हलत नाही. केवळ विक्रीपट्टी आली म्हणजे पोती घटतात आणि रुपये वाढतात. वसुली आली की रुपये घटतात, पोती हलत नाहीत. पोत्यांस रुपयांत रूपांतरित करणारी घटना एकच आहे, ती म्हणजे विक्री. पाठवणी ही विक्री नव्हे.

एक पान उघडून पाहू

समजा, लातूर-उदगीरकडील गिरणीतून घेतलेली तूरडाळ आपण निजामाबादच्या अडत्याकडे ठेवतो. पोते ५० किलोचे, अडत शेकडा २ रुपये, त्यातच वसुलीची हमी. हमाली पोत्यामागे १० रुपये आपल्या खर्चाची. तीन महिन्यांचे पान असे दिसेल. भाव उदाहरणापुरते धरले आहेत. ‘नक्त येणे’ म्हणजे अडत व हमाली वजा जाता उरलेले रुपये.

| तारीख | तपशील | पोती | शिल्लक पोती | नक्त येणे | वसूल | शिल्लक रुपये |
|---|---|---|---|---|---|---|
| ३ जानेवारी | पाठवणी, चलन ४१ | १०० आली | १०० | – | – | – |
| २० जानेवारी | पट्टी १, दर १०,४०० | ४० विकली | ६० | २,०३,४४० | १,५०,००० | ५३,४४० |
| ८ फेब्रुवारी | पाठवणी, चलन ५८ | ५० आली | ११० | – | – | ५३,४४० |
| १५ फेब्रुवारी | पट्टी २, दर १०,२०० | ३५ विकली | ७५ | १,७४,५८० | – | २,२८,०२० |
| २२ फेब्रुवारी | बँकेद्वारे | – | ७५ | – | २,००,००० | २८,०२० |
| ५ मार्च | परत | २० परत | ५५ | – | – | २८,०२० |
| १० मार्च | मोजणीत कमी, दर १०,२०० | ८ विकली धरली | ४७ | ३९,९०४ | – | ६७,९२४ |
| ३१ मार्च | पट्टी ३, दर १०,३०० | ३० विकली | १७ | १,५१,११० | २,१९,०३४ | ० |

पहिली पट्टी उलगडून पाहू. ४० पोती म्हणजे २० क्विंटल. १०,४०० रुपये दराने २,०८,००० रुपये. त्यातून अडत ४,१६० आणि हमाली ४०० वजा जाता नक्त येणे २,०३,४४०. अडत्याने त्याच दिवशी दीड लाख पाठविले, म्हणून ५३,४४० येणे राहिले. पुढच्या पट्ट्याही याच रीतीने मांडाव्यात. अडत्याने केवळ नक्त आकडा कळविल्यास तो स्वीकारू नये. एकूण विक्री, अडत व खर्च हे तिन्ही वेगळे दिसलेच पाहिजेत. नाहीतर दर कमी मिळाला की खर्च वाढला हे कधीच कळत नाही.

परतीच्या मालाची पारख

५ मार्च रोजी २० पोती परत आली. परतीची नोंद अडत्याच्या चलनावरून कधीही करू नये. ती आपल्या गोदामात पोती उतरल्यावर, मोजून, तोलून आणि पाहून करावी. तीन गोष्टी पाहाव्यात. पोत्यांची संख्या, तोंडाची शिलाई व मार्का जसाच्या तसा आहे की नाही, आणि वजन. वीस पोत्यांचे वजन हजार किलो असावयास हवे. दोन-चार किलोची घट पोती हाताळल्याने व ओलावा उडाल्याने पडते आणि ती मान्य करण्याची मर्यादा आधीच ठरलेली असावी. शिलाई दुसऱ्या दोऱ्याची असेल तर मात्र पोत्यात परखी घालून मधला व तळाचा माल काढून पाहावा. आपल्या मार्क्याच्या पोत्यात दुसऱ्याची हलकी डाळ भरून परत येण्याचा प्रकार नवीन नाही. वजन बरोबर असते, संख्या बरोबर असते, आणि माल आपला नसतो. असे पोते परतीत धरू नये. ते अडत्याच्या शिल्लकेतच ठेवून तसे कळवावे.

मोजणी आणि आठ पोती

आता १० मार्चकडे वळू. त्या दिवशी पेढीचा माणूस निजामाबादेस जाऊन गोदामात उभा राहिला. वहीप्रमाणे ५५ पोती हवीत. प्रत्यक्षात ४७ भरली. येथे चोरीचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. आठ पोती कमी असण्याचे सर्वसामान्य कारण एकच असते : ती विकली गेली आहेत, पट्टी आलेली नाही. अडत्या कधी विसरतो, कधी रुपये दुसरीकडे फिरवीत असतो, आणि कधी त्याहून सूक्ष्म गोष्ट घडते. भाव चढा असताना माल विकावयाचा आणि भाव उतरल्यावर त्या दिवसाच्या दराने पट्टी पाठवावयाची. मधला फरक त्याच्या पदरात पडतो. हे ओळखण्याची खूण वहीतच असते. ज्या अडत्याच्या पट्ट्या नेहमी भाव पडल्यानंतरच्या तारखांच्या असतात, त्याच्याकडे मोजणी अधिक वेळा करावी. कारण मोजणी अचानक झाली म्हणजे न कळविलेली विक्री त्याच दिवशी उघडी पडते.

यासाठी आधीच एक अट लेखी ठरवून ठेवावी. मोजणीत कमी भरलेला माल विकला असे धरून, मागील पट्टीचा दर किंवा मोजणीच्या दिवसाचा बाजारभाव यांपैकी जो अधिक असेल तो लावावा. आपल्या उदाहरणात मागील दर १०,२०० हा अधिक ठरला. आठ पोती म्हणजे चार क्विंटलचे ४०,८०० रुपये. त्यातून अडत ८१६ आणि हमाली ८० आम्ही दिली आहे. काही व्यापारी अशा मालावर अडत नाकारतात. परंतु विक्री म्हणून दर वसूल करावयाचा आणि विक्रीची अडत द्यावयाची नाही, यात वादास जागा राहते, असे आमचे मत आहे.

मोजणीची तारीख अडत्यास आधी सांगू नये, आणि मोजणीच्या कागदावर त्याची अथवा त्याच्या मुनिमाची सही त्याच ठिकाणी घ्यावी. “पाठवून देतो” म्हणून राहिलेली सही सहसा येत नाही.

पानाचा ताळा

३१ मार्च रोजी शेवटची पट्टी व वसुली होऊन रुपयांची शिल्लक शून्य झाली. आता दोन ताळे पाहावेत. पोत्यांचा ताळा असा : पाठविली १५०, विकली ४०, ३५, ८ व ३० मिळून ११३, परत २०, शिल्लक १७. तिन्हींची बेरीज १५० येते. रुपयांचा ताळा असा : एकूण विक्री ५,८१,८००, त्यातून अडत ११,६३६ आणि हमाली १,१३० जाता ५,६९,०३४, आणि तिन्ही वसुल्यांची बेरीजही तीच. अडतीची रक्कम एकूण विक्रीच्या बरोबर शेकडा दोन आणि हमाली विकलेल्या पोत्यांच्या बरोबर दहापट आहे की नाही, हेही एका दृष्टिक्षेपात तपासता येते. एक ताळा जुळला आणि दुसरा जुळला नाही, तर चूक कोठे आहे हे निम्मे कळलेच. पोती जुळत नसतील तर पाठवणी, परत किंवा मोजणीत शोधावे. रुपये जुळत नसतील तर दर, अडत किंवा वसुलीत.

उरलेली १७ पोती वर्षअखेरीस कोठे दाखवावयाची, हा प्रश्न अनेक तरुण व्यापारी विचारतात. ती आपल्या मालसाठ्यात दाखवावीत, येण्यात नव्हे. आणि ती आपल्या खरेदीच्या दराने, त्यात अडत्यापर्यंतचे भाडे मिळवून. खरेदी ९,६०० रुपये क्विंटल आणि भाडे पोत्यामागे २० म्हणजे क्विंटलमागे ४० धरल्यास, साडेआठ क्विंटलचे ८१,९४० रुपये होतात. बाजारभाव यापेक्षाही खाली गेला असेल तरच तो कमी दर घ्यावा. ज्या पेढ्या पाठवणीच्याच दिवशी अडत्याच्या नावे रक्कम लिहितात, त्या हीच पोती १०,३०० दराने ८७,५५० रुपयांस दाखवितात. मधले ५,६१० रुपये हा न झालेला नफा होय. त्यावर प्राप्तिकर भरला जातो, भागीदारांत वाटणीही होते, आणि पुढे भाव उतरून माल परत आला म्हणजे तो नफा कोणाच्या खिशातून परत घ्यावयाचा, हा प्रश्न उरतो.

कायद्याच्या तीन गोष्टी

पहिली. करार कायद्याने अडत्यास मागणी होताच हिशेब देणे बंधनकारक केले आहे (कलम २१३), आणि विक्रीचे रुपये पोचते करणेही (कलम २१८). परंतु त्याची अडत अथवा खर्च थकल्यास, वेगळा करार नसेल तर, माल अडवून ठेवण्याचा हक्कही त्यास आहे (कलम २२१). म्हणून दर पट्टीत अडत तेथल्या तेथे वजा करणे हे केवळ सोयीचे नव्हे, तर सुरक्षिततेचेही आहे.

दुसरी. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या २७ व्या कलमान्वये, आपल्या संमतीने माल ताब्यात असलेल्या व्यापारी अडत्याकडून नेहमीच्या व्यवहारात आणि प्रामाणिकपणे ज्याने माल घेतला, त्या ग्राहकास चांगली मालकी मिळते. अडत्याने किमान दराखाली विकले तरी तो माल ग्राहकाकडून परत मागता येत नाही; नुकसान अडत्याकडूनच मागावे लागते. त्यामुळे कोणाकडे किती पोती उभी राहू द्यावयाची, याची मर्यादा त्याच्या ऐपतीवरून ठरवावी, त्याच्या खपावरून नव्हे. माल आपला असल्याने आगीचे व पुराचे नुकसानही आपले असते. आपल्या विमापत्रात अडत्याच्या गोदामाचा पत्ता नमूद आहे किंवा नाही, हे अवश्य पाहावे.

तिसरी गोष्ट जीएसटीची. २०१७ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे, मालकाने विक्रीसाठी अडत्याकडे पाठविलेला माल मोबदला नसतानाही पुरवठा मानला जातो. ४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने याची कसोटी स्पष्ट केली : अडत्या ग्राहकास स्वतःच्या नावाचे बिल देत असेल तर हा नियम लागतो, आपल्या नावाचे बिल देत असेल तर लागत नाही. मूल्य कसे धरावे याच्या नियमात सरकारने उदाहरण दिले आहे तेही आपल्याच बाजारातील, भुईमुगाचे : खुला बाजारभाव किंवा, मालकाने पसंत केल्यास, अडत्याच्या विक्रीदराच्या शेकडा ९०. सुट्या डाळीवर कर नाही. १८ जुलै २०२२ पासून मात्र २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरून छापील चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांस कर लागू झाला. म्हणजे वरील ५० किलोच्या पोत्यांत कराचा प्रश्न आला नाही; पण तीच डाळ छापील पिशव्यांत अडत्याकडे ठेवल्यास पाठवणीच्याच दिवशी बिल व कर येऊ शकतो. अशा वेळी करासाठी पुरवठा झाला, तरी मालकी गेली असे समजून जांगड वहीत रुपयांची शिल्लक वाढवू नये. कराची नोंद करखात्यात आणि मालाची नोंद या पानावर, हा भेद कटाक्षाने पाळावा.

दूर देशातील एक वही

जपानमधील तोयामा येथील औषधविक्रेत्यांची पद्धत या संदर्भात जाणून घेण्यासारखी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ते घरोघर औषधांची पेटी ठेवून जात आणि पुढच्या फेरीस किती औषध वापरले गेले ते मोजून तेवढेच पैसे घेत. जुने औषध काढून नवे भरीत. प्रत्येक घराचे काय ठेवले, काय वापरले, काय बदलले आणि काय वसूल झाले, हे एकाच वहीत असे. ती वही इतकी विश्वसनीय मानली जाई की धंदा सोडणारा विक्रेता ती वहीच किंमत घेऊन दुसऱ्यास विकत असे. घेणाऱ्यास पेट्या पाहण्यास गावोगाव जावे लागत नसे. वही हाच त्याचा माल होता.

आपल्याकडे आता बहुतेक हिशेब संगणकावर असतात आणि त्यात काही वावगे नाही. हेच रकाने तेथेही मांडता येतात. मात्र दर महिन्याच्या अखेरीस अडत्याचे पान छापून, “अमुक तारखेस आपली अमुक पोती माझ्याकडे विक्रीसाठी उभी असून अमुक रुपये देणे आहे” या एका ओळीखाली त्याची सही घ्यावी, आणि ते पान पेढीत नव्हे तर घरी, जेथे मुलाबाळांस सापडेल, अशा ठिकाणी ठेवावे. वरील उदाहरणात ३१ मार्चच्या ओळीखाली एवढेच लिहावयाचे आहे : शिल्लक १७ पोती, रुपये शून्य. नव्या पानाची पहिली ओळही हीच.